वजन झपाट्यानं उतरताना पित्ताशयात खडे होऊ नयेत म्हणून: बायपासनंतरचे सहा महिने, ताटातलं दहा ग्रॅम फॅट आणि उर्सोची गोळी

वजन उतरवण्यासाठीची बायपास, म्हणजे जठर छोटं करून अन्नाची वाट बदलणारी शस्त्रक्रिया, होऊन सहा आठवडे झालेल्या एक बाई आहाराची वही घेऊन माझ्यासमोर बसल्या होत्या. वय ३८, उंची १५८ सेंटिमीटर, शस्त्रक्रियेच्या दिवशी वजन ११२ किलो, म्हणजे बीएमआय ४५च्या आसपास. वही नीटनेटकी होती. सकाळी फॅट-फ्री दुधात प्रोटीन पावडर, अकराला मुगाचं कढण, दुपारी दोन डाव मऊ खिचडी, पाचला फॅट-फ्री दही, रात्री डाळीचं सूप. वहीवरून नजर वर करत त्या म्हणाल्या, "मॅडम, दीड महिन्यात तेलातुपाचा थेंब घेतलेला नाही."

नोकरीच्या पहिल्या वर्षांत मी या वहीवर शाबासकीची खूण केली असती. वजन उतरवायचं म्हणजे आधी तेल-तूप तोडायचं, हे तेव्हा माझ्याही डोक्यात पक्कं होतं आणि आहाराचे तक्ते मी तसेच लिहून द्यायचे. आता अशी वही दिसली की मी पहिल्यांदा पेन्सिल घेऊन फॅटचा हिशेब मांडते. या बाईंचा दिवसभराचा आकडा कसाबसा ५ ग्रॅम आला, तोही पाच वेळच्या खाण्यात विखुरलेला. इतक्या कमी फॅटवर वजन उतरतं, पण पित्ताची पिशवी दिवसेंदिवस नीट रिकामी होत नाही. ती रिकामी कशी करायची आणि त्यासोबत गोळीचा निर्णय कसा घ्यायचा, ते मी पायरीपायरीनं लिहिते.

आधी "पित्त" या शब्दाचा घोळ

आपल्याकडे "पित्त झालंय" म्हणजे जळजळ, आंबट ढेकर, डोकेदुखी. तो पोटातल्या आम्लाचा त्रास असतो. पित्तखड्यांमधलं पित्त वेगळं. ते यकृतात तयार होतं, हिरवट-पिवळं असतं आणि यकृताखाली चिकटलेल्या छोट्या पिशवीत, म्हणजे पित्ताशयात, साठून दाट होतं. या पिशवीत साधारण अर्धी वाटीसुद्धा पित्त मावत नाही. जेवणातलं फॅट लहान आतड्यात पोचलं की आतडं एक संप्रेरक सोडतं, त्याच्या इशाऱ्यावर पिशवी आकुंचन पावते आणि पित्त आतड्यात ओतलं जातं.

पित्तात कोलेस्टेरॉल असतं. ते पाण्यात विरघळत नाही. पित्तक्षार आणि लेसिथिन त्याला विरघळलेल्या अवस्थेत धरून ठेवतात. वजन झपाट्यानं उतरतं तेव्हा दोन गोष्टी एकदम घडतात. अंगातली चरबी वितळताना तिच्यात साठलेलं कोलेस्टेरॉल बाहेर पडतं आणि यकृत ते पित्तात टाकतं, त्यामुळे पित्त कोलेस्टेरॉलनं गच्च होतं. त्याच काळात माणूस फॅट जवळजवळ खात नाही, म्हणून पिशवीला आकुंचनाचा इशाराच मिळत नाही आणि हे गच्च पित्त तिथेच पडून राहतं. साखरेचा पाक घट्ट करून न ढवळता ठेवला की भांड्याच्या तळाशी दाणे धरतात, तसे इथे कोलेस्टेरॉलचे स्फटिक धरतात. आधी गाळ, मग रवाळ कण, मग खडे.

म्हणजे बचावाच्या जागाही दोनच आहेत. एक, पिशवी रोज एकदा तरी पुरती रिकामी करायची. हे काम ताट करतं. दुसरी, पित्तातलं कोलेस्टेरॉल कमी करायचं. हे काम गोळी करते. दोन्हींची कामं वेगळी असल्यामुळे एक घेतलं म्हणून दुसरं सोडून चालत नाही.

पहिली पायरी: शस्त्रक्रियेआधीची सोनोग्राफी नीट वाचा

शस्त्रक्रियेआधी पोटाची सोनोग्राफी होतेच. सहा-आठ तास उपाशीपोटी करायची, कारण जेवलेल्या माणसाची पिशवी आक्रसलेली असते आणि आतलं नीट दिसत नाही. रिपोर्ट हातात आला की फाइलमध्ये टाकण्याआधी पित्ताशयाची ओळ शोधा. पुढचे सगळे निर्णय त्या ओळीवर ठरतात.

पिशवी आधीच काढलेली असेल तर खडे टाळण्यासाठी गोळी लागत नाही. पिशवीत खडे आहेत आणि त्यांचा त्रासही होऊन गेला आहे, पोटात कळ येऊन गेली आहे, तर सर्जन बहुतेक वेळा बायपासच्या किंवा स्लीव्हच्या, म्हणजे जठराचा मोठा भाग कापून काढायच्या शस्त्रक्रियेच्या, वेळीच पिशवी काढायचा विचार करतात. खडे आहेत पण कधीच दुखलं नाही, असं असेल तर पिशवी सहसा तशीच ठेवतात आणि लक्ष ठेवतात. त्रास नसलेल्या माणसाची पिशवी केवळ भीतीपोटी काढली तर शस्त्रक्रिया लांबते आणि तिचे धोके वाढतात. "आत जाताच आहात तर तीही काढून टाका," असं नातेवाईक हमखास सांगतात. मला तो सल्ला पटत नाही.

राहिला सगळ्यात मोठा गट: पिशवी जागेवर आहे आणि स्वच्छ आहे. समोर बसलेल्या बाई याच गटातल्या होत्या आणि हा लेखही मुख्यतः त्यांच्यासारख्यांसाठी आहे.

बायपासवाल्यांनी जास्त काळजी घ्यायचं आणखी एक कारण आहे, ते मी प्रत्येकाला चित्र काढून दाखवते. खडा पिशवीतून निसटून मुख्य पित्तनलिकेत अडकला, तर एरवी तोंडातून दुर्बीण घालून, जठरातून पुढे लहान आतड्याच्या सुरुवातीला जाऊन तो काढता येतो. बायपासमध्ये हा रस्ताच बदललेला असतो. अन्न ज्या वाटेनं जातं त्या वाटेनं दुर्बीण पित्तनलिकेच्या तोंडापाशी सहज पोचत नाही. त्यासाठी खास लांब दुर्बीण लागते किंवा पोटाला छेद देऊन बाजूला ठेवलेल्या जठरातून आत जावं लागतं. स्लीव्हमध्ये हा रस्ता जसाच्या तसा राहतो. त्यामुळे तोच खडा बायपासच्या माणसाला जास्त महागात पडतो.

दुसरी पायरी: धोक्याचे आठवडे ओळखा

नुसत्या डाएटवर वजन उतरवणाऱ्यांमध्ये आठवड्याला दीड किलोपेक्षा जास्त वेगानं उतरलं की खड्यांचा धोका चढायला लागतो. डाएट करणाऱ्याला हा वेग हातात ठेवता येतो, आणि ठेवावाच. लग्नाच्या तारखेआधी दहा किलो उतरवायचे म्हणून ५००-६०० कॅलरीवर राहणाऱ्या मुली मी पाहते. त्यांना मी हाच आकडा दाखवते आणि कॅलरी वाढवून देते.

शस्त्रक्रिया झालेल्या माणसाच्या हातात वेग नसतो. आपल्या बाईंचं पहिल्या महिन्यात १० किलो उतरलं, म्हणजे आठवड्याला सव्वादोन किलोच्या वर. पुढे दुसऱ्या महिन्यात ६, तिसऱ्यात ५, चौथ्यात ४, मग ३ आणि ३. सहा महिन्यांत ११२ वरून ८१. ही घसरण योग्य आहे, ती अडवायची नाही. पण तिच्याकडे पाहिलं की गोळी सहा महिने का, हे आपोआप कळतं. शस्त्रक्रियेनंतरचे बरेचसे खडे याच सहा महिन्यांत धरतात. वजन थोपलं की पित्ताचा समतोल परत येतो आणि नवीन खडे धरण्याचा वेग ओसरतो.

वजन उतरवणारी इंजेक्शनं घेणाऱ्यांनीही इथे थांबून वाचावं. सेमाग्लुटाइडच्या एका मोठ्या चाचणीत पित्ताशयाच्या तक्रारी औषध घेणाऱ्यांत २.६ टक्के लोकांना झाल्या आणि नुसतं खोटं इंजेक्शन घेणाऱ्यांत १.२ टक्के. प्रमाण थोडं आहे, पण दुप्पट आहे. या औषधांवर भूक इतकी मरते की लोक दिवसभर दोन बिस्किटं आणि चहावर काढतात. त्यांना उर्सो सरसकट देत नाहीत. पण ताटातल्या फॅटबद्दल पुढे जे लिहिते आहे ते त्यांनाही तसंच लागू आहे.

तिसरी पायरी: एका जेवणात दहा ग्रॅम

इटलीत १९९८ साली प्रसिद्ध झालेला एक छोटा अभ्यास मला फार उपयोगी पडतो. कडक कमी कॅलरीच्या डाएटवरच्या लोकांचे दोन गट केले. कॅलरी जवळपास सारख्या, फक्त एका गटाला दिवसाला ३ ग्रॅम फॅट आणि दुसऱ्याला १२ ग्रॅमच्या थोडं वर. शेवटपर्यंत टिकलेल्या २२ जणांमध्ये ३ ग्रॅमच्या गटातल्या ११ पैकी ६ जणांना खडे झाले. १२ ग्रॅमच्या गटात ११ पैकी एकालाही नाही. माणसं थोडी होती, पण त्याच सुमाराच्या दुसऱ्या एका अभ्यासातही दिशा हीच दिसली. पिशवी नीट रिकामी होण्यासाठी एका बैठकीत साधारण १० ग्रॅम फॅट लागतं, हा आकडा या सगळ्यातून वर येतो.

यातला "एका बैठकीत" हा भाग सुटतो. दिवसभरात थेंब थेंब करून १० ग्रॅम झाले तर प्रत्येक वेळी पिशवी थोडीशी हलते आणि बरंचसं पित्त आतच राहतं. म्हणून मी तक्त्यात एक जेवण ठरवून घेते, बहुतेक दुपारचं, आणि फॅट तिथे एकत्र ठेवते.

आता घरातल्या मापात. सपाट छोटा चमचाभर तेल किंवा साजूक तूप म्हणजे साधारण ५ ग्रॅम फॅट. एका अंड्यात तेवढंच, ५ ग्रॅम, आणि ते सगळं पिवळ्या बलकात. नेहमीचं साईच्या दुधाचं पनीर ३० ग्रॅम घेतलं तर ६-७ ग्रॅम. म्हशीचं न साय काढलेलं दूध एक कपभर घेतलं तर १० ग्रॅमच्या पुढे जातं. शेंगदाण्यात निम्मं फॅट असतं, म्हणून २० ग्रॅम दाण्यांचं कूट म्हणजे १० ग्रॅम. ओल्या खोबऱ्याचंही ३० ग्रॅमला तितकंच येतं.

बाईंच्या दुपारच्या दोन डाव खिचडीत आम्ही एक चमचा साजूक तूप घातलं आणि शेजारी एक उकडलेलं अंडं, चांगलं कुस्करून. झाले १० ग्रॅम. ज्या दिवशी अंडं चालत नाही त्या दिवशी ३० ग्रॅम पनीर, किसून. पोटात जागा मूठभरसुद्धा नसते, पण फॅटला जागा लागत नाही हा त्याचा मोठा फायदा. त्यांना काळजी कॅलरीची होती. दहा ग्रॅम फॅट म्हणजे ९० कॅलरी. मी त्यांच्यासमोर हिशेब मांडला: वजनाचा उतार यानं जाणवण्याइतका बदलत नाही, आणि अंडं प्रोटीनही देतं, जे त्यांना असंही कमी पडत होतं.

हे कधी सुरू करायचं? पहिले दोन आठवडे नुसतं पातळ असतं, तेव्हा दहा ग्रॅमचा हट्ट धरू नये. प्युरीवर आलात की अर्ध्या चमच्यापासून सुरुवात करा आणि मऊ अन्नावर येईपर्यंत हळूहळू दोन चमच्यांपर्यंत जा. फॅट जास्त झालं तर शरीर सांगतं: मळमळ, पातळ जुलाब, तेलकट आणि पाण्यावर तरंगणारी शौच. असं दिसलं तर दोन पावलं मागे या आणि आठवड्यानं पुन्हा चढवा. आणि फॅट म्हणून तळलेली भजी किंवा शिरा खाऊ नका. शिऱ्यातली साखर बायपासच्या माणसाला घाम, धडधड आणि जुलाब देते, मग दोष तुपावर येतो आणि तूपही बंद होतं.

उपासाचं वेगळं सांगायला हवं. लांब उपाशी राहणं हेही पित्त साठवूनच ठेवतं. सहा महिन्यांत नवरात्र आलं, चातुर्मासातले सोमवार आले, एकादशी आल्या. निर्जळी उपास या काळात करूच नये, कारण त्यात पित्त साठण्यासोबत शरीरातलं पाणीही कमी होतं. उपास मोडवत नसेल तर फराळ करा, पण मोजून: भगरीच्या मऊ भाताला दाण्याची आमटी, सोबत साईचं दही. दाण्याच्या आमटीत ते दहा ग्रॅम आपसूक येतात. साबुदाणा मी या काळात टाळायला सांगते. तो चिकट असतो, प्रोटीन जवळपास नसतं आणि छोट्या पोटात नुसता जागा अडवतो. आणि रोजच सकाळी उठल्यावर तासाभरात काहीतरी खा, म्हणजे रात्रभराचा उपास दुपारपर्यंत लांबत नाही.

या पायरीची मर्यादा स्पष्ट लिहिते. फॅटचे हे अभ्यास डाएट करणाऱ्यांवर झाले आहेत. बायपासमध्ये अन्न लहान आतड्याचा पहिला भाग टाळून जातं आणि पिशवीला जाणारा इशारा मुख्यतः तिथूनच निघतो. म्हणून शस्त्रक्रिया झालेल्यांनी ताटावर भिस्त ठेवून गोळी सोडू नये.

चौथी पायरी: उर्सोचा निर्णय

गोळीचं पूर्ण नाव उर्सोडिऑक्सिकोलिक अ‍ॅसिड. दवाखान्यात सगळे "उर्सो" म्हणतात. हे स्वतः एक पित्ताम्ल आहे. ते घेतलं की यकृत पित्तात कोलेस्टेरॉल कमी टाकतं, आणि जे आहे ते विरघळलेलं राहायला मदत होते.

अमेरिकेत १९९५ साली प्रसिद्ध झालेली एक चाचणी अजूनही मात्रेचा आधार आहे. बायपास झालेल्यांना सहा महिने रोज ३००, ६०० किंवा १२०० मिलिग्रॅम उर्सो दिलं, एका गटाला नुसती खोटी गोळी. खोट्या गोळीच्या गटात ३२ टक्के लोकांना खडे झाले. ३०० मध्ये १३ टक्के, ६०० मध्ये २ टक्के, १२०० मध्ये ६ टक्के. म्हणजे ३०० कमी पडतं आणि ६०० च्या वर जाऊन पदरात काही जास्त पडत नाही. म्हणूनच बायपासनंतर ३०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा, सहा महिने, अशी चिठ्ठी तुम्हाला दिसते. स्लीव्हनंतर बरेचदा दिवसाला ५०० ते ६०० मिलिग्रॅम लिहितात.

पण सोनोग्राफीत दिसणारा खडा आणि दुखणारा खडा एकच नाही. बऱ्याच लोकांचे खडे आयुष्यभर मुके राहतात. म्हणून नेदरलँड्समधली २०२१ ची मोठी चाचणी मला जास्त प्रामाणिक वाटते. तिनं दुखणं मोजलं. रोज ९०० मिलिग्रॅम उर्सो सहा महिने दिलं आणि दोन वर्षं पाहिलं. पित्तखड्यांचा प्रत्यक्ष त्रास उर्सोच्या गटात ६.५ टक्के लोकांना झाला, खोट्या गोळीच्या गटात ९.७ टक्के. म्हणजे शंभर जणांनी सहा महिने गोळी घेतली तर साधारण तिघांचं दुखणं वाचतं. यातले बहुसंख्य बायपासवाले होते, स्लीव्हचे थोडेच. आणि ज्यांच्या पिशवीत आधीपासून खडे होते त्यांना गोळीनं फायदा झाला नाही.

यावरून मी रुग्णांशी असं बोलते. बायपास, पिशवी स्वच्छ: गोळी घ्या, त्यात घोळ नको. स्लीव्ह, पिशवी स्वच्छ: खडे धरणं कमी होतं हे दिसलेलं आहे, दुखणं किती वाचतं याचा पुरावा पातळ आहे, पण मी घ्यायच्याच बाजूची आहे, विशेषतः वजन फार वेगानं उतरत असेल तर. आधीचे मुके खडे: उर्सोवर पैसे घालवण्याआधी सर्जनला स्पष्ट विचारा की ही गोळी कशासाठी. शेवटचा निर्णय आणि मात्रा तुमच्या सर्जनचीच. गरोदर असाल किंवा गरोदर राहायचा विचार असेल, यकृताचा आजार असेल, कावीळ झालेली असेल, तर गोळी सुरू करण्याआधी ते सांगितलंच पाहिजे.

सुरुवात शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या दहा दिवसांत, गिळता यायला लागल्यावर. गोळी मोठी असते. घशात अडकत असेल तर स्वतःच कुटू नका. मधोमध रेघ असलेली गोळी अर्धी करता येते का, किंवा कमी ताकदीच्या दोन गोळ्या चालतील का, हे विचारा. जेवणासोबत घ्या. आणि इथे "पित्ता"चा घोळ परत येतो: जळजळ झाली म्हणून आपण जे अ‍ॅल्युमिनियमवालं अँटासिड सहज पितो, ते उर्सोला आतड्यात धरून ठेवतं आणि शोषू देत नाही. दोन्हींमध्ये किमान दोन तासांचं अंतर ठेवा.

शाकाहारी घरांतून एक प्रश्न येतो आणि त्याला खरं उत्तर द्यायला हवं. बाजारातलं उर्सो बहुतांश गायीबैलांच्या पित्तापासून मिळणाऱ्या आम्लातून कारखान्यात बनवतात. हे कळल्यावर एका जैन आजोबांनी गोळी नाकारली होती. मी त्यांच्याशी वाद घातला नाही. त्यांच्या ताटात तुपाचं माप पक्कं केलं आणि सोनोग्राफी लवकर करायला सांगितली. निर्णय माहिती घेऊन केलेला होता, तेवढं मला पुरेसं होतं.

गोळी फसते ती बहुतेक वेळा मधेच सोडल्यामुळे. जुलाब होतात, खर्च वाटतो, "आता बरं वाटतंय" असं वाटतं. आपल्या बाईंनी सातव्या आठवड्यानंतर गोळी बंद केली होती, दिवसाला चार-पाच पातळ शौच होत होत्या म्हणून. सांगितलं मात्र कुणालाच नाही. मला कळलं ते चौथ्या महिन्यात, वहीतल्या गोळ्यांच्या रकान्यात पाच आठवडे रिकामी घरं दिसल्यावर.

तेव्हा आम्ही काय केलं ते सांगते, कारण हेच बऱ्याच जणांना करावं लागतं. सर्जनशी बोलून रात्रीच्या जेवणासोबत एकच ३०० ची गोळी दहा दिवस, मग सकाळची जोडली. त्या आधी सोनोग्राफी केली. खडे नव्हते, पण तळाशी थोडा गाळ होता. दुखणं नव्हतं, यकृताच्या तपासण्या नीट होत्या. जुलाबांचं कारण शोधताना असंही दिसलं की प्रोटीन पावडर दुधात घेतली की त्याच दिवशी जास्त त्रास व्हायचा. पावडर पाण्यात घ्यायला लावली आणि जुलाब दिवसाला एक-दोनवर आले. सगळा दोष गोळीच्या माथी बसला होता.

पाचवी पायरी: दुखणं ओळखा

पित्तखड्याची कळ साधारणपणे छातीच्या हाडाखाली मधोमध किंवा उजव्या बरगडीखाली येते. बरेचदा जेवणानंतर, पुष्कळदा रात्री. ती अर्ध्या तासाच्या वर टिकते, कधी चार-पाच तास, आणि उजव्या खांद्याच्या पात्याकडे किंवा पाठीत जाते. कूस बदलून, ढेकर देऊन, शौचाला जाऊन ती कमी होत नाही. "पित्ताची" गोळी घेऊन बरं वाटलं की नाही, यावर निदान करू नका. कळ आपोआपही ओसरते आणि श्रेय अँटासिडला मिळतं. अशी कळ एकदाही आली तर आठवड्याच्या आत सोनोग्राफी आणि यकृताच्या रक्त तपासण्या करून घ्या.

ताप, थंडी वाजणं, डोळे पिवळे, लघवी गडद, शौच पांढुरकी, किंवा पाठीत आरपार जाणारं सततचं दुखणं आणि उलट्या: यातलं काहीही असेल तर सकाळची वाट पाहायची नाही, तडक इस्पितळ गाठायचं. खडा नलिकेत अडकला असू शकतो किंवा स्वादुपिंडाला सूज आली असू शकते. तिथल्या डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा की बायपास झालाय. बायपासनंतर आतडं आतल्या फटीत अडकूनही तीव्र कळा येतात, त्यात सोनोग्राफी स्वच्छ असू शकते आणि ती वेळ खड्यांपेक्षा कमी सवड देते. पिशवी स्वच्छ आहे म्हणून घरी पाठवलेल्या, पण कळा न थांबलेल्या माणसानं परत जाऊन सर्जनलाच दाखवायला हवं.

सहावी पायरी: गोळी कधी थांबवायची

सहा महिने ही साधारण मर्यादा आहे. तरीही मी तारखेसोबत वजनाचा आलेख बघते. महिन्याला दोन-तीन किलोंच्या आत उतार आला आणि सोनोग्राफी स्वच्छ असली, तर सर्जन गोळी थांबवतात. सहाव्या महिन्याची सोनोग्राफी सगळीकडे नेमानं सांगत नाहीत. मी मात्र बायपासवाल्यांना ती करून घ्यायला सांगते, कारण आपल्याकडे ती गावोगाव होते आणि गाळ दिसला तर काही करता येतं. गाळ किंवा बारीक खडे दिसले पण दुखत नसेल, तर लगेच पिशवी काढायची घाई नसते. वजन थोपल्यावर त्यातले काही आपोआप विरघळतात. दुखायला लागले तर मात्र पिशवी काढणं हाच उपाय असतो.

आपल्या बाईंची गोळी मधल्या पाच आठवड्यांच्या खंडामुळे सर्जननी आठव्या महिन्यापर्यंत लांबवली. तेव्हा वजन ७८ होतं आणि महिन्याला दीड किलोनं उतरत होतं. उपाशीपोटी सोनोग्राफी केली, गाळ नव्हता. गोळी थांबली. दुपारच्या खिचडीवरचं तूप तसंच चालू आहे, आता त्यांना चमचा मोजून दाखवावा लागत नाही, वहीत फक्त "तू. १, अं. १" एवढंच लिहिलेलं असतं.